नजर स्थिर का ठेवायची?

*ताई, दीड महिन्यात दोन मुलाखती झाल्या, दोन्हीकडे नकार. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, ‘उत्तरं चांगली होती, पण सगळं पाठ करून आल्यासारखं वाटलं.’ खरं तर उत्तरं मी पाठ केलीच नव्हती. सराव केला होता तो बसण्याचा आणि बघण्याचा. व्हिडिओ बघून रोज आरशासमोर बसायचो : पाठ ताठ, नजर समोरच्याच्या डोळ्यांवरून हलू द्यायची नाही, शेकहँड घट्ट. आता तिसरी मुलाखत आहे आणि समोर तिघं असणार आहेत. माझे तळहात घामेजतात. विचार करताना माझी नजर आपोआप दुसरीकडे जाते, ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही. ती कशी मोडू?*
*– एक उमेदवार*

ती सवय मोडू नका. जेवढी मोडली असेल तेवढी परत येऊ द्या.

मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. ‘पाठ करून आलाय’ हा शेरा तिथे कसा जन्माला येतो ते सांगते. कुणी फार ताठ बसलं किंवा फार नीट बघितलं म्हणून तो येत नाही. प्रश्न बदलला तरी माणूस बदलत नाही, तेव्हा येतो. ‘इथपर्यंत यायला त्रास नाही ना झाला?’ या प्रश्नाला जी नजर, तीच ‘आधीची नोकरी का सोडली?’ या प्रश्नालाही. हसू तेवढंच, मान तशीच. अवघड प्रश्नावर समोरचा माणूस क्षणभर थांबेल, डोळे बाजूला नेईल, मग बोलेल, अशी आपली सगळ्यांचीच नकळत अपेक्षा असते. तुम्ही नजर रोखून लगेच उत्तर दिलंत, की ऐकणाऱ्याला वाटतं, याला विचार करावाच लागला नाही, म्हणजे उत्तर तयारच होतं. तुमची उत्तरं ताजी होती हे मी मान्य करते. पण तुम्ही ती जुळवत होतात याची एकमेव दिसणारी खूण तुम्ही मेहनतीने पुसून टाकली होती.

बोलणाऱ्याची नजर हलतेच. ॲडम केंडन या संशोधकाने १९६७ साली दोन माणसांच्या संभाषणांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. माणूस लांब बोलायला सुरुवात करतो तेव्हा बहुधा नजर दुसरीकडे नेतो आणि बोलणं संपत आलं की ती समोरच्याकडे परत आणतो, असं त्यांना आढळलं. ‘माझं झालं, आता तुम्ही’ हा निरोप त्या परत आलेल्या नजरेत असतो. ऐकणारा मात्र बोलणाऱ्यापेक्षा बराच जास्त वेळ समोर बघत असतो. मायकल अर्गाइल यांनी दिलेले ढोबळ आकडे असे : ऐकताना सुमारे ७५ टक्के वेळ, बोलताना सुमारे ४० टक्के. हे आकडे मोजत बसण्यासाठी नाहीत. बोलताना निम्म्याहून जास्त वेळ नजर इकडेतिकडे असणं ही साधी गोष्ट आहे, एवढं त्यातून घ्या. तुम्ही स्वतःला शंभर टक्क्यांची सक्ती केली होती.

दुसरं कारण डोक्याच्या आतलं आहे. चेहरा ही मेंदूला गुंतवून ठेवणारी गोष्ट आहे. आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की प्रश्न जितका अवघड तितके लोक नजर जास्त वळवतात, आणि डोळे मिटून आठवायला दिलं तर अवघड गोष्टी जास्त नीट आठवतात. म्हणजे नजर रोखून धरल्याने तुम्ही नैसर्गिक दिसत नव्हतातच, शिवाय आठवण्याचं कामही स्वतःला जड करून घेत होतात.

‘नजर चोरली म्हणजे खोटं बोलतोय’ ही भीती तुमच्या सरावामागे असावी. खोटं बोलणाऱ्याची नजर हटतेच, असा काही भरवशाचा नियम नाही. पण हा समज मुलाखत घेणाऱ्यांतही पसरलेला आहे, म्हणून नजर वळवायची *जागा* महत्त्वाची. प्रश्न संपल्यानंतर, उत्तर सुरू होताना नजर गेली तर ती विचाराची दिसते. प्रश्न चालू असतानाच गेली तर टाळाटाळीची दिसते. उत्तराचं शेवटचं वाक्य बोलताना गेली तर तुमचा स्वतःच्याच शब्दांवर विश्वास नाही असं वाटतं. एकच हालचाल, पण तीन ठिकाणी तिचे तीन अर्थ होतात.

आता हे एका प्रश्नावर करून बघू. समोर तिघं आहेत. मधल्या बाईंनी विचारलं, ‘तुमचा एखादा निर्णय चुकला, असं कधी झालं? मग काय केलंत?’

प्रश्न पूर्ण होईपर्यंत नजर बाईंकडे. शेवटचा शब्द संपला की लगेच तोंड उघडायचं नाही. एक श्वास जाऊ द्या आणि नजर जिकडे जायची तिकडे जाऊ द्या : टेबलाच्या कडेवर, बाजूला, वर. वर गेली तरी बिघडत नाही. फक्त घड्याळ, दार आणि स्वतःचा फोन या तीन गोष्टींवर ती टेकू नये, कारण तिथे गेलेली नजर ‘कधी सुटतोय’ अशी वाचली जाते. मग तुम्ही बोलायला लागता, ‘हो, झालं होतं… मागच्या नोकरीत एका ग्राहकाला मी माल पोचायची तारीख दिली,’ इथवर नजर अजून बाजूलाच असेल, कारण तुम्ही तो दिवस आठवताय. ‘आणि गोदामात विचारून घेतलं नव्हतं,’ इथे ती बाईंकडे परत येते. चूक कबूल करणारं वाक्य समोर बघून म्हणा. या अख्ख्या उत्तरात मी मुद्दाम करायला सांगेन अशी ही एकच जागा.

पुढचा तपशील, म्हणजे किती दिवस उशीर झाला, ग्राहक काय म्हणाला, तुम्ही कुणाला फोन केला, हा उरलेल्या दोघांचा. पण पंख्यासारखी मान फिरवू नका. एका माणसाला एक पूर्ण वाक्य सांगा, मग दुसऱ्याला पुढचं. डावीकडचे गृहस्थ मान खाली घालून लिहीत असतील तर त्यांच्या डोक्याकडे बघत राहायची गरज नाही. ते वर बघतील तेव्हा एखादं वाक्य त्यांच्या वाट्याला जाईल. शेवटी, ‘तेव्हापासून गोदामाचा होकार लेखी आल्याशिवाय मी तारीख देत नाही,’ हे वाक्य पुन्हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंकडे बघत संपवा आणि थांबा. नजर परत आली आणि आवाज खाली उतरला, की उत्तर संपलं हे तिघांनाही कळतं. जे उमेदवार शेवटी टेबलाकडे बघत ‘…असं’ म्हणून विरून जातात, त्यांच्यानंतर खोलीत एक अवघडलेली शांतता पसरते, आणि ती भरायला ते आणखी दोन वाक्यं बोलतात. चांगलं उत्तर बहुतेक त्या दोन वाक्यांतच बिघडतं.

डोळ्यांत बघायचं म्हणजे थेट बुबुळांत, असा अर्थ घेऊ नका. टेबलाच्या अंतरावरून तुम्ही डोळ्यांकडे बघताय की भुवयांच्या मधल्या भागाकडे, हे समोरच्याला सहसा उमगत नाही. चेहऱ्याकडे बघणं पुरतं. ज्यांना मुळातच डोळ्यांत बघणं त्रासाचं होतं, आणि अशी माणसं पुष्कळ असतात, त्यांनी सुरुवातीलाच सहज सांगून टाकावं : ‘विचार करताना मी बाजूला बघतो, पण माझं लक्ष असतं.’ हे वाक्य ऐकून कुणी गुण कापल्याचं मी पाहिलेलं नाही.

बसण्याकडे वळते. तिथे माझं म्हणणं थोडक्यात आहे. ‘ताठ बसा’ हा सल्ला शरीराला कळत नाही, कारण तो ऐकला की माणूस खुर्चीच्या कडेवर येतो, छाती फुगवतो आणि श्वास वरच्या वर घेऊ लागतो. दहा मिनिटांत पाठ भरून येते आणि मग तो एकदम ढेपाळतो. ते ढेपाळणं पॅनेलला दिसतं, पण तुम्हाला कळत नाही. त्यापेक्षा बसताना कंबर खुर्चीच्या पाठीपर्यंत मागे न्या, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवा आणि मग पाठीला विसरा. पावलं टेकलेली असली की फिरती खुर्ची डुलत नाही, पाय हलत नाही, आणि कण्याला खालून आधार मिळतो. ऐकताना कमरेतून थोडं पुढे झुकाल, विचार करताना किंचित मागे टेकाल. हे होऊ द्या, कारण हा बदलच पॅनेलला हवा असतो. सोफा फार खोल असेल तर त्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, नाहीतर गुडघे वर येतात. खुर्ची टेबलापासून फार दूर किंवा तिरकी असेल तर बसतानाच ती सरकवून घ्या. बरेच उमेदवार अवघडलेल्या खुर्चीत तशीच अर्धा तास काढतात, जणू ती हलवायला परवानगी लागते.

जास्त ताठ झालात की नाही हे ओळखायची एक खूण आहे. शेजारच्या सदस्याकडे बघताना नुसती मान वळते की खांदेही थोडे वळतात? नुसती मान वळत असेल तर तुम्ही आखडला आहात. एक लांब श्वास सोडा, खांदे आपले आपण खाली येतात.

हात टेबलावर किंवा मांडीवर, पण एकमेकांत घट्ट गुंतवलेले नकोत. बोटं गुंतवली की हात बोलण्यात भाग घेत नाहीत आणि बोलणं सपाट होतं. ‘या शब्दावर हात उघडायचा’ असं ठरवूनही जाऊ नका. ठरवलेला हातवारा शब्दाच्या किंचित नंतर येतो आणि तेवढा उशीर ऐकणाऱ्याला खटकतो. हात मोकळे ठेवा, ते स्वतः वेळ साधतात. हातात पेन नको, पिशवी मांडीवर नको, ती खुर्चीच्या बाजूला खाली.

तुमच्या व्हिडिओंमध्ये एक प्रकार नक्की असेल, म्हणून सांगते : मुलाखतीआधी स्वच्छतागृहात जाऊन दोन मिनिटं हात पसरून उभं राहायचं, म्हणजे शरीरातली संप्रेरकं बदलतात. हा दावा २०१० च्या एका अभ्यासातून आला. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० लोकांवर तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा संप्रेरकांवरचा परिणाम मिळाला नाही, आणि मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्या परिणामावर आता आपला विश्वास नाही. उभं राहून बरं वाटत असेल तर राहा, पण त्यावर विसंबू नका. ती दोन मिनिटं हात धुण्यात घालवलेली बरी.

घामेजल्या तळहातांचा इलाज तिथेच आहे. गार पाण्याने हात आणि मनगटं धुवा, नीट कोरडी करा. मग बाहेर वाट बघताना मूठ वळू नका आणि हातात फोन धरून ठेवू नका, तळवे मांडीवर उघडे ठेवा. बंद मुठीत घाम साठतो. रुमाल उजव्या खिशात ठेवा, नाव पुकारल्यावर उठता उठता हात त्यात एकदा पुसून घ्या. फाईल, पिशवी, पाण्याची बाटली हे सगळं आधीपासून डाव्या हातात. आत शिरल्यावर वस्तूंची अदलाबदल करताना जो गोंधळ उडतो, तो घामापेक्षा जास्त लक्षात राहतो. एवढं करूनही हात थोडा दमट असेल तर असू द्या. समोरच्यांनी त्या दिवशी तसे अनेक हात धरलेले असतात.

‘घट्ट’ या शब्दाने तुमचा घोटाळा केला आहे. विल्यम चॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी २००० साली हस्तांदोलनाचा अभ्यास केला, त्यात ठाम हस्तांदोलन करणाऱ्यांची पहिली छाप जास्त चांगली पडल्याचं आढळलं. पण तो ठामपणा नुसत्या जोरावरून मोजला नव्हता. पकड पूर्ण आहे का, किती वेळ टिकते, हात किती उत्साहाने हलतो, नजर मिळते का, हे सगळं त्यात होतं. माझ्या अनुभवात यातली पकड पहिली येते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी समोरच्याच्या बेचकीला टेकेपर्यंत हात पुढे जाऊ द्या, आणि *मग* बोटं मिटा. घाई करणारे लोक बेचक्या टेकण्याआधीच बोटं मिटतात. मग हाती समोरच्याची फक्त बोटं लागतात, आणि चूक भरून काढायला ते जोर लावतात. आवळलेला पंजा बहुधा असाच तयार होतो.

जोर समोरच्याइतकाच. त्यांचा हात हलका असेल तर तुमचाही हलका, कारण इथे जिंकायचं काही नाही. एकदा-दोनदा हलवा, आणि त्यांची पकड सैल झाली की लगेच सोडा. हात मिळतानाच्या क्षणी चेहऱ्याकडे बघा आणि नाव सांगा, हाताकडे बघू नका. हातावरचं लक्ष काढून घ्यायला नाव सांगणं फार उपयोगी पडतं. पकड चुकलीच, नुसती बोटं हाती आली, तर पुन्हा नीट करायला जाऊ नका. पहिला प्रयत्न कुणाच्या लक्षात राहत नाही, दुसरा राहतो.

तिघांच्या पॅनेलपुढे हात आधी कुणी पुढे करायचा? तुम्ही नाही. मुलाखत त्यांची आहे, त्यांना ठरवू द्या. टेबलावरून वाकून ओळीने तिघांचे हात धरणारा उमेदवार उत्साही नव्हे, शिकवलेला दिसतो. एकाने हात पुढे केला तर तो घ्या आणि उरलेल्या दोघांकडे बघून मान लववा. कुणीच केला नाही तर तिघांकडे बघून अभिवादन करा आणि बसा. अनेक जण तब्येतीमुळे, श्रद्धेमुळे किंवा नुसतंच आवडत नाही म्हणून हात देत नाहीत, त्याचा तुमच्या निकालाशी संबंध नाही. तुमच्याच हाताला दुखापत असेल तर ‘हात दुखावलाय, माफ करा’ एवढं पुरे.

एक गोष्ट प्रमाणात ठेवा. संवादातला ५५ टक्के भाग देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि शब्दांचा फक्त ७, असं त्या व्हिडिओंत कुणीतरी सांगितलंच असेल. ते आकडे अल्बर्ट मेहरॅबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले, आणि ते भावना व आवडनावड पोचवण्याबद्दल होते, तेही शब्द आणि सूर एकमेकांशी जुळत नसताना. ‘गोदामात विचारलं नव्हतं’ या वाक्यातली माहिती ७ टक्के होत नाही. जिथे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून उत्तरांना गुण देतात, तिथे तर देहबोलीने उत्तराच्या आड न येणं एवढंच तिचं काम उरतं.

म्हणून आता सराव कसा करायचा. आरसा बंद करा. आरशात तुम्ही स्वतःला बघता, आणि समोरच्याच्या बोलण्याला प्रतिसाद म्हणून नजर हलायला तिथे दुसरा माणूसच नसतो. एखाद्या मित्राला समोर बसवा. तुम्ही न पाहिलेले पाच-सहा प्रश्न त्याला काढायला सांगा, निम्मे सोपे, निम्मे अडचणीचे. फोन बाजूला ठेवून चित्रण करा. मग ते चित्रण आधी आवाज बंद करून बघा. ‘मी कसा दिसतो’ हे शोधू नका. अडचणीचा प्रश्न कुठे आला हे आवाजाशिवाय ओळखता येतं का, ते बघा. ओळखता आलं तर तुम्ही माणसासारखे बोलताय. पूर्ण चित्रण एकसारखं दिसलं तर जुना सराव अजून अंगात आहे. तसं असेल तर पुढच्या खेपेला फक्त एकच नियम पाळा : प्रश्न संपल्यावर एक श्वास. नजर, खांदे, हात, कशालाच हात लावू नका. त्या एका श्वासात बाकीचं बहुतेक सुटतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी काही करू नका. प्रत्यक्ष खोलीत लक्षात ठेवायला दोनच गोष्टी : पावलं टेकलेली आणि प्रश्नानंतरचा श्वास. मध्येच जाणवलं, की आपण पुन्हा डोळे रोखून बसलो आहोत, तर नजर बळेच वळवायला जाऊ नका, तेही दिसतं. त्याऐवजी काहीतरी खरोखर विचारा : ‘हा प्रश्न आधीच्या कामाबद्दल आहे की इथल्या?’ उत्तर ऐकताना तुमची पाळी ऐकणाऱ्याची होते, त्यांचे डोळे, त्यांचे हात, टेबलावरचा कागद असं बघता बघता तुमची नजर आपोआप सुटी होते, आणि तुम्हाला प्रश्नही नीट कळलेला असतो.